फडताळातले चार उन्हाळे

मांडवगडच्या एका लॉजच्या कचेरीत 2019 च्या शेवटी फायबर आलं. धार आणि मांडवगडच्या पट्ट्यात जोडणीची कामं करताना मी बरीच फडताळं पाहिली आहेत, पण या लॉजचं फडताळ नमुनेदार होतं. जुन्या जाड भिंतीतला कोनाडा. साठ सेंटीमीटर रुंद, पंचेचाळीस उंच, तीस खोल. पुढे सागवानी दार आणि दाराला कडी. वायरी दिसू नयेत, पाहुण्यांच्या पोरांनी बटणं दाबू नयेत, म्हणून मालकांनी राउटर त्यात ठेवायला सांगितला. तेव्हा ते कुणालाच गैर वाटलं नाही.

याचं कारण आधीच्या पंधरा वर्षांत आहे. 2005 मध्ये बीएसएनएलची ‘डेटावन’ सेवा आली. तेव्हाचा मोडेम टेलिफोनच्या शेजारी उघड्यावर असायचा आणि काम झालं की लोक तो बंदही करायचे. पाच-सहा वॉट खाणारा, दिवसातून दोन तास चालणारा तो डबा कुठेही ठेवला तरी चालायचा. पुढे वाय-फायच्या दर पिढीबरोबर अँटेना वाढल्या, आतल्या चिपा वेगवान झाल्या, आणि मुख्य म्हणजे यंत्र चोवीस तास चालू राहू लागलं. आजचा साधा फायबर राउटर दहा वॉटच्या आसपास वीज घेतो आणि तिची जवळजवळ सगळी उष्णताच होते. पंखा नसतो. खालच्या फटींतून गार हवा आत यावी आणि तापून वरच्या फटींतून निघून जावी, एवढीच त्याची सोय. याच काळात घरोघरी ‘टीव्ही युनिट’ नावाचं फर्निचर आलं. यंत्र तापू लागलं आणि नेमकं तेव्हाच दाराआड गेलं.

पहिला उन्हाळा 2020 चा. टाळेबंदीत लॉज बंद होतं, राउटरवर फक्त घरची मंडळी. काही घडलं नाही. दुसऱ्या उन्हाळ्यात संध्याकाळी वाय-फाय मंद व्हायचं आणि रात्री उशिरा आपोआप सुधारायचं. चिप ठरावीक तापमानापलीकडे गेली की बऱ्याच राउटरमध्ये ती स्वतःचा वेग कमी करते. इशारा होता तो, पण दोष लाइनला दिला गेला. मग पावसाळा आला. मांडवगडला खरी गर्दी पावसाळ्यातच होते, त्यामुळे वापर दुप्पट झाला, तरी खोली अठ्ठावीस अंशांवर आल्याने तक्रार उरली नाही. पाऊस असा दर वर्षी पुरावा धुऊन नेतो, आणि दुरुस्ती पुढच्या चैत्रावर जाते.

तिसऱ्या उन्हाळ्यात राउटर मध्येच बंद पडून पुन्हा सुरू होऊ लागला. मालकांचं म्हणणं, ‘‘केव्हाही होतं हो, काही नेम नाही.’’ मला मात्र ‘नेम नाही’ या म्हणण्याचाच संशय येतो. राउटरच्या माहितीपानावर `System Uptime` अशी ओळ असते, म्हणजे यंत्र सलग किती वेळ चालू आहे तो आकडा. इंटरनेट गेलं तरी हा आकडा वाढतच असेल, तर लाइन तुटली आहे आणि राउटर निर्दोष आहे. तो शून्यावर आला असेल, तर राउटरच बंद पडून उठला आहे. बहुतेक घरगुती राउटरमध्ये घड्याळाची बॅटरी नसते, म्हणून उठल्यावर त्याच्या नोंदी काही क्षण `Jan 1 1970` अशा तारखेने सुरू होतात आणि इंटरनेट मिळाल्यावर खऱ्या तारखेवर येतात. या खुणांवरून कधी कधी बंद पडला ते वहीत उतरवून काढलं. बहुतेक वेळा संध्याकाळी आठ ते अकराच्या दरम्यान निघाल्या. भर दुपारी जवळजवळ एकही नव्हती.

याने मालक अधिकच गोंधळले. उष्णतेचा दोष असेल तर दुपारी दोनला व्हायला हवा, रात्री नऊला का? उत्तर भिंतीत आहे. जाड भिंत आणि वरचा स्लॅब दिवसभर ऊन पितात आणि आतल्या बाजूला ती उष्णता कित्येक तास उशिरा पोहोचते. बाहेर गच्चीवर वारा सुटलेला असतो, तेव्हा फडताळाची भिंत दिवसातली सर्वांत गरम असते. आणि त्याच वेळी पाहुणे जेवून खोल्यांत परततात आणि प्रत्येकाच्या मोबाइलवर काही ना काही चालू होतं. वापर वाढला की चिप जास्त तापते. दोन्ही चढ एकाच घटकेला येतात. याच गावात चंपा बावडीला लागून गारव्यासाठी तळघरं आहेत, जहाज महाल दोन तलावांच्या मधोमध आहे. पाणी आणि वाऱ्याची वाट, या दोन्हींचा विचार इथल्या जुन्या बांधकामात पदोपदी दिसतो. त्याच गावच्या कोनाड्यात आम्ही दार लावून घेतलं होतं.

मग मोजलं. फ्रिजसाठी मिळतो तो वायरला टोक असलेला डिजिटल थर्मामीटर घेतला, टोक फडताळात आणि आकडे बाहेर. रात्री नऊला कचेरीत 37 अंश, फडताळात 56. बहुतेक घरगुती राउटरच्या माहितीपत्रकात चालवण्याची मर्यादा 40 अंश लिहिलेली असते, आणि ती खोलीची नव्हे, यंत्राभोवतीच्या हवेची. चिप त्याहूनही तीस-चाळीस अंशांनी गरम असते. शंभरीच्या आसपास गेलेली चिप चुका करू लागते. मग एक तर तिचा उष्णता-रक्षक यंत्र बंद करतो, किंवा सॉफ्टवेअर अडकतं आणि ‘वॉचडॉग’ नावाचा आतला पहारेकरी ते नव्याने सुरू करतो. आपल्याला दिसतं ते एवढंच, की दिवे एकदम विझले आणि पुन्हा लुकलुकू लागले.

एकोणीस अंशांचा फरक एकट्या राउटरने पडला नव्हता. शेजारी कॅमेऱ्यांचा डीव्हीआर होता, हार्ड डिस्कसकट पंधराएक वॉटचा. एक छोटा स्विच, आणि सगळ्यांचे अडॅप्टर. एकूण तीसेक वॉट. बंद कपाटाला उष्णता बाहेर टाकायला फक्त दार आणि भिंती, आणि लाकूड व वीट दोन्ही त्या कामात मठ्ठ. आकडेमोड केली तर अशा फडताळातून दर अंशाच्या फरकाला दीड-पावणेदोन वॉटच बाहेर जातात. तीस वॉट जायचे तर आतलं तापमान अठरा-वीस अंश चढल्याशिवाय सुटका नाही. म्हणजे थर्मामीटर खरंच सांगत होता. तीन रात्री दार सताड उघडं ठेवलं. आतला आकडा 41 वर आला आणि राउटर एकदाही बंद पडला नाही. यापेक्षा स्वस्त चाचणी मला माहीत नाही. त्यानंतरही यंत्र बंद पडत राहिलं असतं, तर संशय विजेकडे वळवला असता. दिवे मिचकतात त्याच क्षणी राउटर उठत असेल, तर तो वेगळा आजार आहे.

दार उघडं ठेवायला मालक तयार नव्हते. सुताराने दारात खाली आणि वर जाळीच्या पट्ट्या बसवल्या. इथे एक गोष्ट लोक हमखास चुकवतात, ते अंगठ्याएवढी चार भोकं पाडून समाधान मानतात. पंख्याशिवाय, केवळ गरम हवा वर चढते या जोरावर तीस वॉट बाहेर काढायचे आणि आतली वाढ दहा अंशांवर रोखायची, तर खाली आणि वर प्रत्येकी सव्वाशे-दीडशे चौरस सेंटीमीटर मोकळी जागा लागते. म्हणजे साधारण तीस सेंटीमीटर लांब आणि पाच उंच फट. फक्त वरची ठेवली तर हवा आत यायला वाट नाही, फक्त खालची ठेवली तर बाहेर जायला नाही. मुंग्या-पालींसाठी बारीक जाळी लावली की मोकळी जागा घटते, तेव्हा फट तेवढी मोठी करावी. जागा नसेल तर ऐंशी मिलिमीटरचा, बारा व्होल्टचा छोटा पंखा हवा बाहेर ओढील असा वरच्या बाजूला बसवावा. तो मंद फिरला तरी पुरतो. तीस वॉटना सेकंदाला पाच-सहा लिटर हवा बास होते. मात्र इथल्या कोरड्या धुळीमुळे जाळी महिन्यातून एकदा झटकावी लागते.

डीव्हीआर बाहेर टेबलावर आणला. निम्मी उष्णता तिथेच गेली.

एवढं करून चौथा उन्हाळा, 2023 चा, सुखरूप गेला. आणि मग जानेवारीत फोन आला, ‘‘थंडीत पुन्हा तेच. सकाळी तर सुरूच होत नाही.’’

ही खरी शिकण्याजोगी गोष्ट होती. उष्णतेचे घाव दोन प्रकारचे. चिप तापली की बंद पडते, गार झाली की विसरून जाते. अडॅप्टरमधला इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर मात्र काही विसरत नाही. त्यातलं द्रव उष्णतेने हळूहळू उडून जातं. 105 अंशांना 2,000 तास असा दर्जा असलेल्या कपॅसिटरचा ढोबळ हिशोब असा, की तापमान दहा अंशांनी उतरलं तर आयुष्य दुप्पट. अडॅप्टरच्या आत 55 अंश असतील तर 64,000 तास, म्हणजे सात वर्षं. तेच 75 अंश असतील तर 16,000 तास, दोन वर्षंसुद्धा नाही. फडताळाने वाढवलेले वीस अंश म्हणजे आयुष्याचा चौथा हिस्सा. सुकलेल्या कपॅसिटरचा आतला विरोध वाढतो, वापर वाढताच व्होल्टेज क्षणभर खचतं आणि राउटर उठतो. थंडीत हा विरोध आणखी वाढतो. म्हणून मे महिन्यात शिजलेला अडॅप्टर जानेवारीच्या पहाटे उघडा पडतो, आणि कुणी उष्णतेचं नावही काढत नाही. मोठ्या कंपन्याही यातून सुटलेल्या नाहीत. ॲपलने 2008 मध्ये राउटर, हार्ड डिस्क आणि वीजपुरवठा एकाच बंद डब्यात घातलेलं ‘टाइम कॅप्सूल’ विकलं. त्या सुरुवातीच्या महिन्यांत विकली गेलेली काही यंत्रं आपोआप बंद पडू लागली आणि 2010 मध्ये कंपनीला ती मोफत दुरुस्त किंवा बदलून द्यावी लागली.

असा अडॅप्टर साध्या मल्टीमीटरवर बारा व्होल्टच दाखवतो, कारण मोजताना त्याच्यावर भार नसतो. हात लावून काही कळत नाही. दुसरा लावून पाहणं हीच परीक्षा. व्होल्ट तेवढेच हवेत, बाराला बाराच. अँपिअर जास्त असले तर चालतात, कमी नकोत. पिनेचा आकार आणि धन-ऋण टोकं जुळायला हवीत. लॉजमध्ये दीड अँपिअरच्या जागी दोन अँपिअरचा लावला आणि फडताळाबाहेरच्या प्लगवर ठेवला, म्हणजे त्याची स्वतःची उष्णताही आत जाणार नाही. मालकांना वीज गेल्यावर चालेल असा बॅटरीचा छोटा यूपीएस हवा होता. तोही बाहेरच बसवला, कारण लिथियमच्या बॅटरीला पन्नास अंश कपॅसिटरपेक्षाही लवकर मारतात.

या उपायांची हद्द खोलीपाशी संपते. जाळी किंवा पंखा आतली हवा खोलीएवढी गार करू शकतो, त्याहून एक अंशही कमी नाही. पत्र्याच्या छपराखाली खोलीच 44 अंश असेल, तर राउटर खाली आणावा लागतो. छताखालची आणि कमरेच्या उंचीची हवा यांत काही अंशांचा फरक सहज असतो, आणि उन्हाची नसलेली आतली भिंत आणखी काही वाचवते. माळ्यावर, देवघराच्या वरच्या फळीवर, सेट-टॉप बॉक्सच्या पाठीवर राउटर ठेवू नये. धूळ बसू नये म्हणून वर विणकामाचा रुमाल घालायची पद्धत धार-देवासच्या आपल्या घरांत अजून आहे. तो रुमाल नेमका गरम हवेच्या वाटेवर बसतो.