गावाकडच्या आई-बाबांसाठी: जवळचं रुग्णालय आणि शहरातलं रुग्णालय

आई-बाबा गावी आणि आपण इथे, अशा घरांसाठी आजची माहिती आहे.

वयाची ७० वर्षं पूर्ण झालेल्यांना, उत्पन्न कितीही असलं तरी, आयुष्मान भारत योजनेत वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार मिळतात. आधार दाखवून त्याचं ‘वय वंदना’ कार्ड काढावं लागतं. उपचार मात्र ‘अंगीकृत’, म्हणजे योजनेत सामील असलेल्या रुग्णालयातच होतात. तिथे ‘आरोग्यमित्र’ बसतो. मंजुरीची कागदपत्रं तोच पाहतो.

गफलत होते ती पुढे. रुग्णालय अंगीकृत असतं ते ठरावीक विभागांसाठी. हाडांच्या शस्त्रक्रियेला योजना लागू असलेल्या ठिकाणी हृदयविकाराला ती लागू असेलच असं नाही. म्हणून योजनेच्या संकेतस्थळावर जिल्ह्याबरोबर विभागही निवडून शोधा आणि मग त्या रुग्णालयात फोन करून खात्री करा. योजनेबाहेरच्या रुग्णालयात भरलेले पैसे नंतर परत मिळत नाहीत.

समजा, बाबा ७४ वर्षांचे आहेत, जत तालुक्यातल्या गावात राहतात आणि रात्री त्यांच्या छातीत दुखू लागलं. मोठी रुग्णालयं मिरजेत, म्हणजे दोनेक तासांवर. अशा वेळी थेट मिरजेची वाट धरू नये. आधी जवळच्या, ईसीजी निघेल अशा रुग्णालयात न्यावं, मग ते अंगीकृत असो वा नसो. झटका असेल तर रक्ताची गुठळी विरघळवणारं इंजेक्शन तिथेच देता येतं का, हे डॉक्टर ठरवतील. ते जितकं लवकर, तितका हृदयाचा स्नायू जास्त वाचतो.

मग मिरजेला हलवायचं. निघण्यापूर्वी तिथे फोन करून तीन गोष्टी विचारा: हृदयाच्या अतिदक्षता विभागात खाट आहे का? अँजिओप्लास्टी आत्ता होईल का? हृदयविकार योजनेत बसतो का? नुसतं ‘घेऊन या’ म्हणाले तर खाटेचं पुन्हा विचारा. दारातून परत फिरावं लागतं ते इथेच. सोबत डॉक्टरांची चिठ्ठी, ईसीजीची प्रत आणि इंजेक्शन दिल्याची वेळ लिहून घ्या. गाडीत ऑक्सिजन आणि मॉनिटर हवा.

आता आपलं काम. इथून १०८ लावला तर तो गावच्या रुग्णवाहिकेला लागेलच असं नाही. तो फोन गावातल्याच कुणीतरी करायला हवा. म्हणून शेजारचे काका किंवा चुलतभाऊ, असं एक माणूस आधीच ठरवा. त्यांच्याकडे कार्डाची प्रत, चालू औषधांची यादी, मिरजेतल्या दोन रुग्णालयांचे फोन आणि खासगी रुग्णवाहिकेचा नंबर एका कागदावर द्या. पुढच्या वेळी गावी गेलात की त्या नंबरांवर एकदा फोन लावून बघा. बदललेला नंबर दिवसाउजेडी कळलेला बरा.