अधांतरी तारेची खोटी साक्ष

जालन्याचे नाव निघाले की बियाण्यांबरोबर लोखंडी सळ्यांचीही आठवण होते. घराच्या स्लॅबमध्ये घालतात त्या सळ्या बनविणाऱ्या अनेक रोलिंग मिल जालन्याच्या औद्योगिक वसाहतीत आहेत. तापवून लालबुंद केलेले पोलादाचे ओंडके, म्हणजे बिलेट, रुळांच्या जोड्यांमधून एकामागून एक दाबत नेतात आणि शेवटी लांब सळी बाहेर पडते. हा माल पुढे नेण्यासाठी विजेच्या मोटारींवर फिरणाऱ्या रोलरची लांबच लांब रांग असते. मोटार केव्हा चालवायची आणि केव्हा थांबवायची हे आता बहुतेक ठिकाणी प्रोग्रामेबल कंट्रोलर नावाची पेटी ठरविते. अमेरिकेत रिचर्ड मॉर्ली यांनी १९६८ साली या यंत्राची कल्पना मांडली. रिलेंनी भरलेल्या मोठमोठ्या कपाटांच्या जागी ते आले आणि पुढे जगभर पसरले.

हा कंट्रोलर आंधळा असतो. गिरणीत काय चालले आहे ते त्याला फक्त तारांवरून कळते. प्रत्येक तार त्याच्या एकेका इनपुटला जोडलेली असते. तारेवर पुरेसा दाब असला तर ‘होय’ आणि नसला तर ‘नाही’, एवढीच त्याची भाषा. आता प्रश्न असा, की तारेनेच खोटी साक्ष दिली तर? अशी साक्ष कशी तयार होते आणि ती ओळखायची कशी, हे आपण एका उदाहरणावरून पाहू. उदाहरण आपण समजण्यासाठी रचले आहे; पण असा दोष लांब तारा असलेल्या कोणत्याही कारखान्यात खरोखर येतो.

समजा, कंट्रोलरची पेटी एका खोलीत आहे आणि रोलरची रांग तेथून १५० मीटर दूर आहे. रांगेजवळ कामगाराच्या हाताशी एक ‘थांबा’ बटण आहे. त्यासाठी एक बहुतारी केबल टाकली आहे. तिच्यातील एका तारेतून २३० व्होल्टचा दाब बटणापर्यंत जातो आणि दुसऱ्या तारेतून तो कंट्रोलरच्या इनपुटकडे परत येतो. तिसरी तार ‘मोटार चालू’ दाखविणाऱ्या लहान दिव्याची आहे.

हे बटण नेहमी जोडलेले असते आणि दाबले की परिपथ तुटतो. असे मुद्दाम केलेले असते. उद्या उंदराने तार कुरतडली किंवा स्क्रू सैल झाला, तरी इनपुटवरचा दाब जाईल, कंट्रोलरला ‘नाही’ असे कळेल आणि मोटार थांबेल. म्हणजे दोष झालाच तर तो सुरक्षिततेच्या बाजूने व्हावा, अशी ही योजना आहे.

एके दिवशी कामगार बटण दाबतो, पण मोटार फिरतच राहते! तंत्रज्ञ येतात आणि मोटार बंद करून बटण तपासतात. ते दाबले की कंट्रोलरच्या इनपुटवरचा छोटा दिवा विझतो, सोडले की लागतो. म्हणजे सर्व ठीक दिसते. मोटार पुन्हा चालू केली की मात्र बटण दाबूनही तो दिवा विझत नाही. बटण चांगले, कंट्रोलर चांगला आणि प्रोग्रामही बदललेला नाही. मग दोष कोठे?

तुम्ही धारित्राविषयी वाचले असेल. दोन धातूंच्या मध्ये विद्युतरोधक पदार्थ आला की धारित्र तयार होते. केबलमधील दोन शेजारच्या तारा आणि त्यांच्यामधले प्लास्टिक म्हणजे असेच एक लांबोडके धारित्र! साधारणपणे दर मीटरला १०० पिकोफॅरड धारिता धरली, तर १५० मीटरला १५,००० पिकोफॅरड, म्हणजे ०.०१५ मायक्रोफॅरड होते. धारित्रातून एकदिश प्रवाह सतत वाहू शकत नाही, पण प्रत्यावर्ती प्रवाह वाहू शकतो. त्याला होणारा अडथळा पुढील सूत्राने मिळतो:

X = 1 / (2πfC)

आपल्याकडे वारंवारता ५० हर्ट्झ आहे. हे आकडे घातले तर अडथळा सुमारे २ लाख १२ हजार ओहम येतो. एवढा मोठा अडथळा पाहून तुम्ही म्हणाल, यातून काय वाहणार? पण २३० व्होल्टला यातून सुमारे १ मिलिअँपिअर वाहतो, आणि इनपुटला फसविण्यास तो पुरेसा ठरू शकतो.

आपल्या इनपुटचा रोध ४६ हजार ओहम धरू. म्हणजे २३० व्होल्टला ते ५ मिलिअँपिअर घेते. त्याच्या माहितीपत्रकात लिहिले आहे, की ४० व्होल्टपर्यंतचा दाब म्हणजे ‘नाही’ आणि ७९ व्होल्टपासून पुढे ‘होय’. मधल्या पट्ट्यात ते काय म्हणेल याची खात्री नाही.

आता बटण दाबल्यावर काय होते ते पाहू. परत येणाऱ्या तारेचे दूरचे टोक मोकळे होते. तार अधांतरी लोंबकळते. पण तिच्या शेजारी २३० व्होल्टची तार १५० मीटरभर चिकटून आलेली आहे. धारित्राचा अडथळा आणि इनपुटचा रोध एकापुढे एक आले. त्यांची साधी बेरीज करून चालत नाही; काटकोन त्रिकोणाच्या दोन बाजूंप्रमाणे, पायथागोरसच्या रीतीने ती करावी लागते. उत्तर सुमारे २ लाख १७ हजार ओहम येते. त्यातून १.०६ मिलिअँपिअर वाहतो आणि इनपुटवर सुमारे ४९ व्होल्ट उरतात. ही संख्या नेमकी मधल्या पट्ट्यात पडते. आपल्या या इनपुटने तिला ‘नाही’ मानले, म्हणून मोटार बंद असताना सर्व ठीक दिसले.

मोटार चालू झाली की तिसऱ्या तारेतही २३० व्होल्ट येतात, कारण तिच्यावर ‘मोटार चालू’चा दिवा आहे. ही दुसरी शेजारीण तेवढीच जवळ असेल, तर धारिता दुप्पट आणि अडथळा निम्मा, म्हणजे १ लाख ६ हजार ओहम होतो. पुन्हा तसेच गणित केले तर इनपुटवर सुमारे ९१ व्होल्ट मिळतात. ही संख्या ७९ च्या वर आहे! कंट्रोलर ठामपणे म्हणतो, ‘होय, बटण कोणी दाबलेले नाही.’ जेव्हा थांबविण्याची गरज आहे, नेमके तेव्हाच बटण निकामी होते. (हिशोब सोपा राहावा म्हणून जमीन आणि इतर तारा यांच्याकडे जाणारी धारिता आपण सोडून दिली आहे. ती धरली तर दाब थोडा कमी येतो.)

हा दोष ओळखण्याची रीत मोठी गमतीची आहे. बटण दाबून ठेवून इनपुटवर व्होल्टमीटर लावला, की ९० च्या आसपास आकडा दिसतो. हीच पहिली खूण. तार खरोखर जोडलेली असती तर २३० आणि पूर्ण तुटलेली असती तर शून्य दिसले असते. मग तार इनपुटपासून सोडवून तिच्यावरचा दाब पुन्हा मोजतात. तो कमी होण्याऐवजी वाढतो! कारण डिजिटल मीटरचा रोध साधारण १ कोटी ओहम असतो आणि प्रवाह ओढून घेणारे इनपुट आता बाजूला झालेले असते. शेवटी मीटरच्या दोन टोकांमध्ये १० हजार ओहमचा रोध जोडतात. दाब घसरून वीसेक व्होल्टवर येतो. खरा पुरवठा असता तर एवढ्या लहानशा भाराने तो ढळला नसता. ओल शिरून आवरण खराब झाले असेल, तर आकडा दिवसागणिक आणि पावसागणिक बदलत राहतो. येथे तो बदलतो शेजारच्या तारा चालू-बंद केल्यावर. ही दुसरी खूण.

उपाय काय? इनपुटला समांतर १० हजार ओहमचा रोध कायमचा जोडला, तर दोघांचा मिळून रोध सुमारे ८,२०० ओहम होतो आणि खोटा दाब १८ व्होल्टवर उतरतो. आता ‘नाही’ म्हणजे नक्की ‘नाही’. पण बटण जोडलेले असताना त्या रोधावर पूर्ण २३० व्होल्ट येतात आणि त्यात ५.३ वॅट उष्णता निर्माण होते. म्हणून तो किमान १० वॅटचा घ्यावा लागतो आणि त्याला हवाही लागते. रेडिओतला छोटासा रोध लावला तर तो जळून जाईल आणि दोष परत येईल, तोही कोणाला न कळता.

यापेक्षा चांगला मार्ग म्हणजे बटणाकडे २४ व्होल्टचा एकदिश दाब पाठविणे. स्थिर दाबाला तारांमधले धारित्र ओलांडता येत नाही. मात्र ही केबल २३० व्होल्टच्या तारांपासून वेगळ्या मार्गाने न्यावी लागते, नाही तर शेजारणीचा प्रत्यावर्ती प्रवाह पुन्हा घुसतो. शिवाय माणसाच्या जिवाशी संबंध असलेले ‘थांबा’ बटण एकट्या कंट्रोलरच्या भरवशावर ठेवत नाहीत. ते स्वतंत्र सुरक्षा रिलेमधून मोटारीचा पुरवठाच तोडेल, अशी जोडणी करतात.

खोट्या साक्षीचा आणखी एक प्रकार आहे. मोठ्या कॉन्टॅक्टरचे वेटोळे बंद होताना दाबाचा क्षणिक फटकारा उसळतो आणि शेजारच्या तारेवर उमटतो. बिलेट मोजणाऱ्या इनपुटवर तो आला, तर ४०० बिलेट गेले असताना आकडा ४१२ दिसतो. हा फटकारा मिलिसेकंदाच्याही अंशापुरता असतो, म्हणून इनपुटने काही मिलिसेकंद टिकणारा दाबच खरा मानावा, अशी गाळणी लावता येते. आपल्या ९१ व्होल्टवर मात्र या गाळणीचा काही उपयोग नाही, कारण ते क्षणिक नसून अखंड आहेत. म्हणून आधी खोटी साक्ष क्षणाची आहे की सततची, हे पाहायचे आणि मगच उपाय निवडायचा.

याचा पडताळा तुम्हाला शाळेतही पाहता येईल. शिक्षकांच्या देखरेखीखाली, आवरण धड असलेल्या टेबल-दिव्याच्या वायरीवर मीटरभर लांबीची दुसरी प्लास्टिक-आवरणाची तार गुंडाळा. दोन्ही तारांची आवरणे कोठेही सोलायची नाहीत. फक्त गुंडाळलेल्या तारेचे एक टोक सोलून डिजिटल मीटरच्या लाल टोकाला जोडा. काळे टोक मोकळे ठेवा, मीटर प्रत्यावर्ती व्होल्टवर लावा आणि मग दिवा लावा. प्लग आणि सॉकेट यांना मीटरची टोके मुळीच लावू नका. कोठेही जोडलेले नसताना मीटर काही आकडा दाखवील. आता मीटरच्या दोन टोकांमध्ये १० हजार ओहमचा रोध जोडा आणि आकड्याचे काय होते ते वहीत लिहून ठेवा.