तिचा भाऊ, त्याची बहीण: मुलांच्या इंग्रजी वहीतली वंशावळ



वंशावळ म्हटलं की आपल्याला जातीच्या दाखल्याचे कागद आठवतात. आता हीच वंशावळ मुलांच्या इंग्रजीच्या वहीतही आली आहे. तिला फॅमिली ट्री म्हणतात. चौकटींत नावं असतात, रेघांनी नाती जोडलेली असतात आणि खाली गाळलेल्या जागा असतात. मुलांनी तिथे हिज, हर, देअर, माय, माइन यांतला बरोबर शब्द निवडायचा असतो.

आपल्या राज्यात मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी सुरू झालं ते 2000 सालापासून. आपल्यातल्या बऱ्याच जणींनी ते पाचवीत पहिल्यांदा पाहिलं. म्हणून गटाच्या बैठकीत आमच्यापुढे एक प्रश्न पुन्हा पुन्हा येतो: मुलाच्या उत्तरावर लाल फुली आहे, पण ते का चुकलं हे मला कळत नाही, मग त्याला सांगू काय? आज आम्ही त्याचं उत्तर देणार आहोत, आणि ते बरंचसं आपल्या मराठीतच आहे.

आधी एक छोटी वंशावळ डोळ्यांपुढे आणू. सगळ्यांत वर तुकाराम आणि त्यांची बायको पार्वती. त्यांची दोन मुलं, रमेश आणि सुनीता. रमेशची बायको कविता. रमेश आणि कविताची मुलं ओम आणि साक्षी. एवढी सात माणसं पुरेत.

आता म्हणा, 'सुनीता, तिचा भाऊ रमेश.' यातला 'तिचा' हा शब्द नीट ऐका. त्याचे दोन तुकडे आहेत. 'ति' सांगतं की भाऊ जिचा आहे ती बाई आहे. 'चा' सांगतं की भाऊ हा पुरुष आहे. बहीण असती तर आपण 'तिची' म्हटलं असतं. म्हणजे मराठी दोन्हीकडे बघते: कोणाचं आहे आणि काय आहे. इंग्रजी फक्त पहिल्याकडे बघते. मालकीण बाई असली की हर. मग हर ब्रदर, हर सिस्टर, हर हाउस, काहीही असो, हर बदलत नाही. मालक पुरुष असला की हिज. हिज ब्रदर, हिज सिस्टर, हिज वाइफ.

मुलं चुकतात ती इथेच. त्यांच्या कानात 'चा' वाजतो, पुढे भाऊ दिसतो, आणि ती सुनीतासाठी हिज ब्रदर लिहून टाकतात. मग तो सुनीताचा भाऊ राहत नाही, कोणा तरी पुरुषाचा भाऊ होतो. मुलाला सांगा, मराठी शब्द कागदावर लिही आणि मागचा 'चा, ची, चे' बोटाने झाक. उरलेलं 'ति' असेल तर हर, 'त्या' असेल तर हिज.

एका ठिकाणी मात्र ही युक्ती फसते. आपण मोठ्यांना मान देतो. तुकारामांबद्दल बोलताना ओम म्हणेल, 'त्यांची बायको पार्वती.' बोटाखाली 'ची' झाकली, 'त्यां' उरलं, आणि मूल देअर वाइफ लिहितं. पण देअर म्हणजे दोघांचं किंवा जास्त जणांचं. मान देण्यासाठी इंग्रजीत तो शब्द वापरत नाहीत. आजोबा एकटे आहेत, म्हणून हिज वाइफ. आजीबद्दल बोलायचं तर हर हजबंड. 'त्यांचा' आला की आधी डोकी मोजायची. एक डोकं असेल तर हिज किंवा हर, जास्त असतील तर देअर. रमेश आणि कविता दोघं आहेत, म्हणून देअर चिल्ड्रन. तसंच तुझं, तुमचं आणि मान देऊन म्हटलेलं आपलं, या सगळ्यांना इंग्रजीत एकच युअर.

आता अपॉस्ट्रॉफी एस. नाव लिहायचं, शेवटच्या अक्षराच्या वरच्या बाजूला स्वल्पविरामासारखी खूण करायची आणि मग एस लिहायचा. आपल्या चा, ची, चे, च्या या सगळ्यांचं काम ही एकच खूण करते. शब्दांचा क्रमही आपलाच आहे. सुनीताचा भाऊ म्हणजे सुनीता’ज ब्रदर. खूण नेहमी मालकाच्या नावाला लागते, नात्याच्या शब्दाला नाही.

या खुणेची खरी गरज कुठे पडते? आपल्याकडे काका आणि मामा वेगळे, आत्या आणि मावशी वेगळ्या. इंग्रजीत काका आणि मामा दोघंही अंकल, आत्या आणि मावशी दोघीही आंट. सुनीता ही साक्षीची आत्याच आहे, मावशी नाही, हे सांगायचं तर म्हणावं लागतं, साक्षी’ज फादर’स सिस्टर. मराठीत 'साक्षीच्या वडिलांची बहीण' म्हणून बघा. दोन ठिकाणी 'च्या, ची' आले, म्हणून खुणाही दोन.

खूण चुकीच्या जागी पडली की काय, हे ओळखण्याचीही हीच परीक्षा. तुकारामांना दोन नातवंडं आहेत, असं लिहिताना ग्रँडचिल्ड्रन. दोन मुलगे म्हणजे टू सन्स. त्यात एस आहे, पण 'चा, ची' कुठेच नाही, म्हणून खूण नाही. आणि शी’ज माय आंट अशा वाक्यात खूण दिसते, पण तिथे ती 'आहे' या शब्दाची आहे. ती माझी आत्या आहे. मराठीत वाचलं की फरक लगेच कळतो.

शेवटची जोडी माय आणि माइन. मराठीत 'माझा फोटो' आणि 'हा फोटो माझा', दोन्हीकडे 'माझा' एकच. इंग्रजीत मात्र दोन शब्द लागतात. मागोमाग वस्तूचं किंवा माणसाचं नाव आलं तर माय फोटो. मागे काहीच नसेल तर धिस फोटो इज माइन. याच रीतीने युअरचं युअर्स, हरचं हर्स, अवरचं अवर्स, देअरचं देअर्स होतं. हिज तेवढं दोन्हीकडे हिजच राहतं. हर्स लिहिताना मुलं सवयीने खूण घालतात. ती नको. एच, ई, आर, एस, बस्स. खूण नावाला 'चा' जोडण्यासाठी असते, आणि हर्स या शब्दात तो आधीच आहे.

आता हा स्वाध्याय तपासून बघू. 'ओम आणि साक्षी. रिकामी जागा, ग्रँडफादर इज तुकाराम.' डोकी दोन, म्हणून देअर. 'तुकाराम. रिकामी जागा, वाइफ इज पार्वती.' मानाचं 'त्यांची' आहे, पण डोकं एक आणि पुरुषाचं, म्हणून हिज. 'सुनीता. रिकामी जागा, ब्रदर इज रमेश.' मालकीण बाई, म्हणून हर. 'साक्षी म्हणते, धिस फोटो इज, रिकामी जागा.' मागे काही नाही, म्हणून माइन.

चारही वेळा उत्तर शोधण्याआधी आपण एकच गोष्ट विचारली: कोणाचं? मुलाच्या वहीत फुली दिसली की त्याला तेवढंच विचारा. मग तुमच्या घरातली नावं घालून अशीच पाच वाक्यं त्याच्याकडून म्हणून घ्या. नाती तुम्हाला पाठ आहेत, त्यामुळे चूक तुमच्या कानाला लगेच कळेल.