मिर्झापूरचा लेथ आणि चार उत्तरं

मिर्झापुरात पितळ आणि जर्मन सिल्व्हरची भांडी बनवणाऱ्या हिंदुस्थान मेटल इंडस्ट्रीज या फर्मला 1953 मध्ये एक पेटंट मिळालं. विषय साधा होता: लेथवर फिरवून, खरवडून भांडं घासूनपुसून तयार करताना ते धरायचं कसं? जुन्या पद्धतीत उथळ ताट लेथच्या हेडस्टॉकवर गरम केल्यावर मऊ होणाऱ्या सिमेंटने चिकटवत किंवा चकच्या जबड्यांत पकडत. समोरून आधार नसे. फिरता फिरता भांडं सुटलं की ते थेट कारागिराच्या अंगावर! नव्या रचनेत समोरच्या टेलस्टॉकमधून टोकदार स्पिंडलचा दाब दिला, भांडं दोन्हीकडून पक्कं बसलं. पुढे त्याच गावातल्या विश्वनाथ प्रसाद राधेश्याम या फर्मने तीच रचना वापरली आणि भांडण कोर्टात गेलं. प्रतिवादींनी उलट मागणी केली, हे पेटंटच रद्द करा.

निकाल तुम्हाला द्यायचा असता तर? चार उत्तरं समोर ठेवतो. एक, भांडी बनवायला अशी रचना आधी नव्हती, म्हणून पेटंट टिकेल. दोन, अपघात टळले, काम सुबक झालं, म्हणून टिकेल. तीन, हेडस्टॉक आणि टेलस्टॉक दोन्ही जुने, म्हणजे नावीन्यच नाही. चार, जाणकार कारागिराला आधीच्या माहितीवरून ही जोडणी सहज सुचली असती, म्हणून टिकणार नाही.

पहिल्या उत्तरात अर्धी परीक्षा सोडून दिली आहे. नवं असणं ही पहिली पायरी आहे, शेवटची नव्हे. दुसरं उत्तर मनाला पटतं, पण उपयोग ही पेटंटची वेगळी अट आहे. ती पुरी झाली म्हणून बाकीच्या दोन माफ होत नाहीत.

खरी फसगत तिसऱ्या उत्तरात आहे. वाचणाऱ्याला ते कडक आणि शहाणं वाटतं. पण नावीन्य मोडायचं असेल तर दाव्यातले सगळे भाग एकाच जुन्या लेखात किंवा एकाच जुन्या वापरात एकत्र सापडायला हवेत, आणि तेही अर्जाच्या अग्रक्रमाच्या तारखेआधी. एका पुस्तकातून चक आणि दुसऱ्यातून स्पिंडल उचलून बेरीज करता येत नाही. तशी मुभा दिली तर जगात नवं काहीच उरणार नाही, कारण प्रत्येक यंत्र जुन्याच सुट्या भागांचं बनलेलं असतं. उलट कोणी दाखवून दिलं असतं की अमुक कारखान्यात आधीपासून अगदी याच जोडणीवर ताटं उघडपणे घासली जात होती, तर प्रश्न तिथेच संपला असता.

बेरीज चालते ती पुढच्या पायरीवर. जुने दोन लेख शेजारी ठेवून विचारायचं, त्या धंद्यातल्या माणसाला ते जोडावेसे वाटले असते का? हा माणूस काल्पनिक आहे: निव्वळ हाताखालचा गडी नव्हे आणि प्रतिभावंतही नव्हे. धंद्यातलं सगळं सामान्य ज्ञान त्याला आहे, अडचण त्याच्यासमोर आहे, फक्त पेटंटमधला उपाय त्याने पाहिलेला नाही. तो जुना मजकूर वाचून म्हणेल का, ‘मला हवं होतं ते हेच’? म्हणाला तर कल्पकतेची पायरी चढलेलीच नाही. इथे सर्वांत मोठा धोका पश्चातबुद्धीचा. उत्तर कळल्यावर कोणतंही कोडं सोपंच वाटतं. म्हणून न्यायाधीशाला स्वतःला मुद्दाम त्या तारखेला नेऊन बसवावं लागतं.

मिर्झापूरच्या रचनेला ही कसोटी लावा. टेलस्टॉकने लेथवरचं काम दाबून धरणं ही क्लृप्ती कित्येक दशकं जुनी. भांडं उडतं ही अडचणही कारागिरांना रोजची. आधार नसल्याने वस्तू सुटते, तर समोरून आधार द्यावा, हे सुचायला धंद्यातली नेहमीची हुशारी पुरे. म्हणजे आजच्या कसोटीवर चौथं उत्तर बरोबर.

अलाहाबाद हायकोर्टाच्या एकल न्यायमूर्तींनी पेटंट रद्द केलं, खंडपीठाने तो निकाल फिरवला, आणि 13 डिसेंबर 1978 रोजी सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा रद्द केलं. न्यायमूर्ती सरकारिया यांच्या मते ही केवळ कारखान्यातली सुधारणा होती. खटला 1911 च्या कायद्याखालचा, त्यामुळे निकालात नावीन्य आणि कल्पकता दोन्ही एका सुरात येतात आणि दोन्ही नाहीत असंच कोर्ट म्हणतं. आजच्या कायद्यात या दोन स्वतंत्र अटी आहेत. कल्पकतेसाठी तंत्रात पुढचं पाऊल किंवा आर्थिक महत्त्व, निदान एक हवंच, आणि शिवाय जाणकाराला ते उघड दिसणारं नसावं. आर्थिक महत्त्व मोठं असलं तरी ही शेवटची अट सुटत नाही.

याच निकालातली आणखी एक गोष्ट अर्जदारांनी ध्यानात ठेवावी: पेटंट कार्यालयाने तपासून पेटंट दिलं, याचा अर्थ ते वैध असल्याची हमी मिळाली असा होत नाही.