मोठा भागधारक कंपनी विकतो तेव्हा

दोन भावांची एक प्रायव्हेट कंपनी होती. शेअर एकूण ५०, प्रत्येक भावाकडे २५. दोन्ही शाखांचा हिस्सा कायम समान राहावा आणि कोणाला शेअर विकायचे झाले तर आधी स्वतःच्याच शाखेला विचारावे, असे १९५१ मध्ये तोंडी ठरले. पुढच्या पिढीतल्या एकाने आपले शेअर थेट दुसऱ्या शाखेला विकले आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. ‘रंगराज विरुद्ध गोपालकृष्णन’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या खटल्यात न्यायालयाने सांगितले, की शेअर विकण्यावरचे जे बंधन कंपनीच्या नियमावलीत, म्हणजे आर्टिकल्स ऑफ असोसिएशनमध्ये नाही, ते कंपनीवर किंवा भागधारकांवर लागू होत नाही. विक्री कायम राहिली.

नातेवाइकाच्या किंवा मित्राच्या कंपनीत पैसे गुंतवणाऱ्या प्रत्येकाने हा निकाल लक्षात ठेवायला हवा. शेअर बाजारात नोंदलेल्या कंपनीत एखाद्याने २५ टक्क्यांची मर्यादा ओलांडली, की सेबीच्या नियमानुसार त्याला इतर भागधारकांकडूनही शेअर घेण्याची खुली ऑफर द्यावी लागते. प्रायव्हेट कंपनीत असे काहीही आपोआप होत नाही. मालक बदलला तरी तुम्ही जागच्या जागी. तिथे तुमचे रक्षण करतात ती फक्त लिहून घेतलेली कलमे.

समजा, चाकणमधल्या सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीचे १० लाख शेअर आहेत. संस्थापकाकडे ६ लाख, एका गुंतवणूक फंडाकडे ३ लाख आणि तुमच्याकडे १ लाख. संस्थापकाला एक बाहेरचा ग्राहक मिळतो. त्याला ६ लाख शेअर हवे आहेत, भाव ५०० रुपये.

नियमावलीत प्री-एम्प्शनचे, म्हणजे अग्रखरेदीचे कलम असेल, तर संस्थापकाला आधी तुम्हाला आणि फंडाला नोटीस द्यावी लागेल. त्याच भावात तुम्ही घेता का, असे विचारून ठरावीक मुदत द्यावी लागेल. तुमच्या दोघांच्या हिश्शांचे प्रमाण १ : ३ असल्यामुळे तुमच्या वाट्याला दीड लाख शेअर येतात. किंमत साडेसात कोटी. छोट्या गुंतवणूकदाराकडे महिन्याभरात एवढी रक्कम कुठून येणार? तुम्ही घेतले नाहीत, तर बहुतेक करारांत तो वाटाही इतर भागधारकांना देऊ केला जातो. फंडाने सगळे उचलले, तर त्याचा हिस्सा ९० टक्के होतो. म्हणजे अग्रखरेदीचा हक्क पैसेवाल्याच्या कामी येतो. तुम्हाला त्यातून मिळते ती मुख्यतः वेळेवर मिळालेली बातमी. म्हणून नोटिशीत ग्राहकाचे नाव, भाव, पैसे देण्याची पद्धत आणि मुदत हे सारे असलेच पाहिजे, असा आग्रह धरावा.

विकत घेणे जमत नसेल, तर सोबत विकता आले पाहिजे. हेच टॅग-अलाँग. संस्थापक ज्या ग्राहकाला ज्या भावात विकेल, त्यालाच त्याच भावात तुमचेही शेअर विकण्याचा हक्क. पण टॅग दोन प्रकारचा असतो आणि दोहोंत मोठा फरक आहे. प्रमाणशीर टॅगमध्ये ग्राहकाला हवे असलेले ६ लाख शेअर तिघांनी आपापल्या प्रमाणात द्यायचे. तुमचे ६० हजार विकले जातात, ३ कोटी मिळतात आणि उरलेले ४० हजार शेअर घेऊन तुम्ही अनोळखी मालकाच्या कंपनीत बसता. पूर्ण टॅगमध्ये नियंत्रण हातचे जात असेल, तर तुमचे सगळे १ लाख शेअर ग्राहकाने घ्यावे लागतात, नाहीतर संस्थापकालाही विकता येत नाही. तुम्ही ५ कोटी घेऊन मोकळे होता. छोट्या भागधारकाने मागायचा तो हा दुसरा प्रकार.

टॅगला पळवाटाही असतात. पहिली ‘सूट दिलेल्या हस्तांतरणां’ची. कुटुंबीय, ट्रस्ट किंवा विद्यमान भागधारक यांना विकताना टॅग लागू नाही, असे अनेक करारांत लिहिलेले असते. आपल्या उदाहरणात फंडाने संस्थापकाचे शेअर घेतले, तर या एका ओळीमुळे तुमचा टॅग निकामी होतो. दुसरी पळवाट अप्रत्यक्ष विक्रीची. संस्थापकाने आपले शेअर एखाद्या दुसऱ्या कंपनीच्या नावावर ठेवले असतील, तर तो ती कंपनीच विकतो. तुमच्या कंपनीच्या नोंदवहीत एकही नाव बदलत नाही. तिसरी भावाची. शेअरचा भाव कमी दाखवायचा आणि संस्थापकाला ‘स्पर्धा न करण्याचा मोबदला’ किंवा सल्लागार शुल्क म्हणून वेगळी रक्कम द्यायची. शेअरविक्रीच्या निमित्ताने संस्थापकाला मिळणारी प्रत्येक रक्कम भावात धरली जाईल, असे कलमात लिहून घेतले तरच हे थांबते.

ड्रॅग-अलाँग याच्या उलट आहे. ठरावीक टक्के भागधारकांनी कंपनी विकायचे ठरवले, की तुम्हालाही विकावेच लागते. ग्राहकाला शंभर टक्के कंपनी हवी असते, म्हणून हे कलम ठेवतात आणि ते मुळात गैर नाही. धोका पैशांच्या वाटपात असतो. समजा, फंडाने २० कोटी घातले होते आणि कंपनी विकली गेल्यास आपले पैसे आधी परत घेण्याचा अग्रक्रम त्याच्याकडे आहे. धंदा मंदावला आणि सगळी कंपनी २७ कोटींना विकायचे ठरले. तुमचा हिस्सा १० टक्के, म्हणजे २ कोटी ७० लाख मिळतील असे वाटते. पण आधी फंड २० कोटी घेतो. उरलेले ७ कोटी संस्थापक आणि तुम्ही ६ : १ प्रमाणात वाटून घेता. तुमच्या हाती येतो एक कोटी, आणि नकार देण्याची सोयही नसते.

म्हणून ड्रॅगवर सही करण्याआधी चार गोष्टी मागाव्यात. किमान किती टक्क्यांनी ठरवल्यावर ड्रॅग लागू होईल, हे स्पष्ट असावे. एका ठरावीक भावाखाली तो लागू नसावा. मोबदला रोख असावा. ग्राहकाने स्वतःच्या प्रायव्हेट कंपनीचे शेअर दिले, तर तुम्ही एका पिंजऱ्यातून दुसऱ्यात जाता. आणि विक्रीनंतर उद्भवणाऱ्या दाव्यांसाठी तुमची जबाबदारी स्वतःच्या शेअरच्या मालकीपुरती आणि मिळालेल्या रकमेपुरतीच असावी.

शेवटचा मुद्दा पुन्हा रंगराज खटल्याकडे नेतो. हे हक्क भागधारक करारात तर हवेतच, पण नियमावलीतही हवेत. तेवढ्यानेही काम संपत नाही. नियमावली विशेष ठरावाने बदलता येते आणि त्यासाठी पडलेल्या मतांपैकी तीन-चतुर्थांश पुरतात. संस्थापक आणि फंड मिळून ९० टक्के, म्हणजे तुमचा टॅग ते एका सभेत खोडू शकतात. कंपनी कायदा २०१३ च्या कलम ५ मध्ये यावर उपाय आहे. ठरावीक तरतुदी बदलण्यासाठी विशेष ठरावापेक्षा कडक अट घालता येते, उदाहरणार्थ तुमची लेखी संमती. मात्र चालू प्रायव्हेट कंपनीत असे संरक्षण घालायला सर्व सदस्यांची मान्यता लागते. ती मिळवण्याची तुमची ताकद पैसे देण्यापूर्वीच असते.

तेव्हा धनादेश लिहिण्याआधी नियमावलीची प्रत मागा आणि शेअर हस्तांतरणाचा भाग वकिलाकडून वाचून घ्या. आधीच भागधारक असाल, तर कलम १७ नुसार शुल्क भरून मागितल्यावर सात दिवसांत ती प्रत देणे कंपनीवर बंधनकारक आहे.