आधी शेपूट, मग डोकं

स्टाफ सिलेक्शनच्या इंग्रजी पेपरात येतो तसा एक प्रश्न घ्या: श्रीमंतांच्या हातातली सत्ता, यासाठी एक शब्द कोणता? पर्याय प्लुटॉक्रसी, थिऑक्रसी, ऑटॉक्रसी आणि झेनोफोबिया. आधी शेपूट बघायचं. फोबिया म्हणजे भीती, तो बाद. क्रसी म्हणजे सत्ता. उरलेले तिघेही त्याच घराण्यातले, म्हणून आता डोकं तपासायचं. ग्रीकमध्ये थिओस म्हणजे देव, ऑटोस म्हणजे स्वतः आणि प्लुटोस म्हणजे संपत्ती. झालं उत्तर!

ऑलॉजी म्हणजे शास्त्र, पण इथे जरा जपून. मीटिऑरॉलॉजी हे उल्कांचं नव्हे, हवामानाचं शास्त्र. हायड्रोफोबियाही फसवतो. शब्दशः ती पाण्याची भीती, पण तो शब्द रेबीजसाठीही वापरतात. त्या रोग्याला पाणी गिळताना घशात पेटके येतात.