चाकातला किलो पावणेदोन किलोचा

पाट भिंतीला तिरका टेकवून वरून एक बांगडी आणि एक नाणे एकाच वेळी घरंगळत सोडले, तर नाणे पुढे जाते. बांगडी लहान घ्या, मोठी घ्या, काचेची घ्या की लाखेची, ती मागेच राहते.

बांगडीचे सगळे वजन कडेला असते. घरंगळताना ते पुढे सरकते आणि त्याच वेगाने बांगडीच्या मध्याभोवती फिरतेही. पुढे जायला जेवढी ऊर्जा लागते, तेवढीच पुन्हा फिरण्यात जाते. म्हणून बांगडी दुप्पट जड असल्यासारखी वागते. नाण्याचे वजन मध्यापासून कडेपर्यंत पसरलेले असल्याने ते दीडपटीवर भागते.

गाडीचे चाक या दोघांच्या मधले. रिमची कड आणि टायर बाहेरच्या बाजूला, त्यामुळे फिरण्यापोटी त्याच्या वजनाचा साधारण पाऊण हिस्सा पुन्हा धरावा लागतो. गाडीच्या वजनात ही भर घातली की मिळते ते तिचे प्रभावी वस्तुमान. इंजिनाला पळवायचे असते ते हे. वजनकाट्यावर दिसते ते नव्हे.

समजा, एक छोटी गाडी चालकासह 1000 किलोची आहे आणि टायरसकट प्रत्येक चाक 13 किलोचे. चार चाकांचे 52 किलो, त्याचा पाऊण हिस्सा 39; म्हणजे प्रभावी वस्तुमान 1039 किलो. मालकाने हौसेने 18 किलोची रुंद चाके बसवली. गाडी 20 किलोने वाढली, फिरण्याचा हिस्सा 54 झाला, एकूण 1074. तेवढ्याच जोरावर वेग वाढण्याचा दर सुमारे 3 टक्क्यांनी घटला. तेच 20 किलो डिकीत ठेवले असते, तर घट 2 टक्क्यांच्या आतच राहिली असती.

चाकातला एक किलो डिकीतल्या दहा किलोंबरोबर, असे गॅरेजमध्ये छातीठोकपणे सांगितले जाते. ते खरे नाही. सगळे वजन अगदी कडेला असले तरी हिशेब दुपटीपलीकडे जात नाही. शिवाय हा भुर्दंड वेग वाढवताना आणि ब्रेक मारताना. हायवेवर एकसारख्या वेगाने जाताना नाही.

मग नवी चाके बसवल्यावर गाडी इतकी मरगळलेली का वाटते? बरेचदा दोष वजनापेक्षा उंचीचा असतो. 175/65 R14 टायरचा व्यास 583 मिलिमीटर, 195/55 R16 चा 621. चाक साडेसहा टक्के मोठे झाले की त्याच गिअरमध्ये रस्त्यावर पडणारा जोर सुमारे 6 टक्क्यांनी कमी होतो. जडपणाच्या जवळजवळ दुप्पट नुकसान हे. खूणही सोपी आहे: स्पीडोमीटर पूर्वीपेक्षा कमी वेग दाखवू लागतो.

अलॉय म्हणजे हलके, हेही गृहीत धरू नये. मोठे अलॉय लहान लोखंडी रिमपेक्षा जड भरू शकते. पैसे मोजण्याआधी दुकानदाराला जुने आणि नवे चाक टायरसकट काट्यावर ठेवायला सांगावे.